पाच मिनिटं, एक ॲबस्ट्रॅक्ट, तीन प्रश्न : जर्नल क्लबमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

राज्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचा विभाग. इथे नेमाने जर्नल क्लब भरतो. एक रेसिडेंट पेपर सादर करतो आणि दुसऱ्याला चर्चक म्हणून नेमलेलं असतं. सादरीकरण संपलं की पहिले प्रश्न चर्चकाने विचारायचे, मग बाकीच्यांनी, असा रिवाज आहे. मॉडरेटर म्हणून त्या दिवशी मी होते.

पेपर जुना आणि गाजलेला होता. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा, गडचिरोलीतल्या घरोघरी नवजात बालसेवेचा, १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. महाराष्ट्रात पीएसएम करणाऱ्याला हा पेपर माहीत नाही असं होत नाही. आणि खरी गंमत तिथेच असते. पेपर ‘माहीत असतो’, पण त्यातले आकडे शेवटचे कधी वाचले, हे विचारलं तर बहुतेक जण छताकडे बघतात.

नेमलेला चर्चक ऐन वेळी एका तातडीच्या सर्वेक्षणाच्या कामाला गेला. त्याच्या जागी पहिल्या वर्षाची एक रेसिडेंट उभी राहिली. तिने मूळ पेपर वाचलेला नव्हता. तिच्या हातात ॲबस्ट्रॅक्टचं एक पान होतं, आणि सादर करणारा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडण्याच्या खटपटीत होता. एकूण वेळ पाचेक मिनिटांचा. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, मी फक्त सँपल साइज आणि लिमिटेशन्स विचारू का? ते तर चालतंच ना कुठल्याही पेपरला.”

कुठल्याही पेपरला चालतं, हीच त्या प्रश्नांची अडचण आहे, असं मी तिला सांगितलं. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघी त्या पानावर पेन्सिल घेऊन बसलो. तेव्हा काय ठरलं, काय गळलं आणि खोलीत त्याचं काय झालं, ते इथे लिहिते आहे.

ॲबस्ट्रॅक्टमध्ये होतं काय

वाचकाला पुढचं समजावं म्हणून मजकूर थोडक्यात देते. गडचिरोली जिल्ह्यातली ३९ गावं हस्तक्षेपासाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी निवडली. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षं फक्त मूळ स्थिती मोजली. १९९५ ते १९९८ या काळात हस्तक्षेपाच्या गावांत प्रशिक्षित ग्राम आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. जन्मताच श्वास न घेणारं बाळ, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, अंग गार पडणं, स्तनपानाच्या अडचणी, हे सगळं त्यांनी हाताळलं, आणि सेप्सिसचं म्हणजे जंतुदोषाचं निदान व उपचारही केले. जोडीला प्रशिक्षित दाया, आरोग्यशिक्षण आणि पंधरवड्याची देखरेख होती. जन्म आणि मृत्यूंची नोंद दोन्ही भागांत वेगळ्या कार्यकर्त्यांनी केली.

परिणाम असे. मूळ नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे हस्तक्षेपाच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होता. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांना सेवा मिळाली. त्या वर्षी हस्तक्षेपाच्या गावांतला नवजात मृत्युदर २५.५ वर आला, आणि तुलनेच्या गावांचा हिशेब धरून निव्वळ घट ६२.२ टक्के दिली आहे. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण उपचारांआधी १६३ बाळांत १६.६ टक्के होतं, ते कार्यकर्त्यांच्या उपचारांनंतर ७१ बाळांत २.८ टक्के झालं. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर. आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बाळांना सेवा दिल्यावर एक मृत्यू टळला, तो पोटातला किंवा नवजात.

अर्भक मृत्युदर आणि पेरिनेटल मृत्युदराचेही आकडे त्याच वाक्यात आहेत. ते आम्ही त्या पाच मिनिटांपुरते मुद्दाम बाजूला ठेवले. एका वाक्यात तीन दर आणि तीन टक्केवाऱ्या कोंबलेल्या असल्या, की तिन्हींच्या मागे धावणारा एकाचाही हिशेब पुरा करत नाही.

अडचण

वेळ कमी होता हे खरं, पण ती अडचण दुय्यम होती. ॲबस्ट्रॅक्ट घट्ट विणलेलं असतं. प्रत्येक वाक्यात दोन-तीन गोष्टी, आणि सगळ्या एकमेकींना दुजोरा देणाऱ्या. वरून खाली वाचत गेलं की मान डोलत जाते आणि शेवटी ‘छान आहे’ याखेरीज काही उरत नाही. तिने माझ्याकडे येण्याआधी ते पान दोनदा तसंच वाचलं होतं. पिवळ्या हायलायटरने निम्मं पान रंगलं होतं, आणि प्रश्न एकही नव्हता.

दुसरी अडचण खास या पेपरची. डॉ. बंग दांपत्याबद्दल इथे जो आदर आहे त्यामुळे रेसिडेंटला वाटतं, प्रश्न म्हणजे शंका आणि शंका म्हणजे आगाऊपणा. मग एकतर गौरव होतो, नाहीतर ‘मर्यादा काय होत्या’ असा अंग राखून विचारलेला प्रश्न येतो. आकड्यावर बोट ठेवून विचारलेला प्रश्न हा त्या कामाचा मान ठेवणाराच असतो. पण हे पटायला पहिल्या वर्षी वेळ लागतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिनेच आणलेला : ठरलेले प्रश्न. सँपल साइज कसा काढला, बायस कोणते, मर्यादा काय. यात धोका शून्य आणि फळही शून्य. सादर करणाऱ्याकडे या तिन्हींच्या स्लाइड तयार असतातच. तो त्याच पुन्हा वाचून दाखवतो आणि चर्चा तिथेच विझते.

दुसरा पर्याय मोबाइलवर पूर्ण पेपर उघडायचा. मोह होण्यासारखा आहे. पण सात पानांचा पेपर पाच मिनिटांत चाळून डोक्यात तुकडेच येतात, आणि ॲबस्ट्रॅक्टवर द्यायचा वेळही जातो. हा आम्ही सोडला. अर्थात एखादा ठरावीक तक्ताच बघायचा असेल, तर तो उघडायला हरकत नव्हती. पण कोणता तक्ता बघायचा हे आधी प्रश्न तयार झाल्याशिवाय कळत नाही.

तिसरा पर्याय आजच्या धोरणावर नेण्याचा. भारत सरकारने २०११ मध्ये आशांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. पेपरचा वारसा कुठे पोचला, हे दाखवायला हा विषय उत्तम. पण सादर करणाऱ्याला त्याचं उत्तर १९९९ च्या पेपरातून देता येणार नव्हतं. त्याच्या हातात नसलेलं विचारून त्याला उघडा पाडण्यात अर्थ नाही. हा शेवटासाठी राखीव ठेवला.

चौथा पर्याय आम्ही घेतला. शेवटचं वाक्य आधी वाचायचं, तिथून उलटं आकड्यांकडे जायचं, आणि दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून साधी वजाबाकी किंवा भागाकार करून बघायचा. जिथे हिशेब थोडा सरकतो, तिथे प्रश्न असतो. याला संख्याशास्त्र लागत नाही, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

पाच मिनिटांत काय केलं

निष्कर्षाचं वाक्य म्हणतं की ही सेवा लोकांना मान्य झाली, ती शक्य आहे, आणि तिने नवजात व अर्भक मृत्यू जवळपास ५० टक्के कमी केले. मी तिला विचारलं, “यातला सगळ्यात मोठा दावा कोणता?” ती म्हणाली, “मृत्यू कमी झाले, हाच.” मग त्या दाव्याला धरून ठेवणारे आकडे शोधायचे. तिने ६२, ५८, २५.५ आणि ६२.२ यांना गोल केले. पहिलं मिनिट यात गेलं.

पुढचं काम वजाबाकीचं. ६२ वरून २५.५, म्हणजे घट ३६.५, मूळच्या ६२ च्या मानाने ती साधारण ५९ टक्के होते. पण पेपर निव्वळ घट ६२.२ टक्के देतो. ती जरा गोंधळली. “मॅडम, निव्वळ म्हणजे तुलनेच्या गावांतली घट वजा केलेली ना? मग ती कमी यायला हवी. ही तर जास्त आहे.”

नेमकं इथेच पान उघडलं. निव्वळ घट साध्या घटीपेक्षा जास्त यायची असेल, तर तुलनेच्या गावांतला दर कमी झालेला असूच शकत नाही. तो थोडा वाढलेला असला पाहिजे. टक्क्यांतून टक्के वजा करा किंवा गुणोत्तरांचं गुणोत्तर काढा, दोन्ही रीतींनी तुलनेच्या गावांचा आकडा ५८ च्या वरच जातो. तिसऱ्या वर्षीचा तो आकडा ॲबस्ट्रॅक्टमध्ये छापलेला नाही. पण छापलेल्या चार आकड्यांतून तो कुठल्या दिशेने गेला हे कळतं.

तिचा पहिला खर्डा होता : “कंट्रोल ग्रुपमध्ये काय झालं?” हा प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तर देणारा ‘फारसा बदल नाही’ म्हणून मोकळा होतो. आम्ही तो असा लिहिला : “६२ वरून २५.५ ही साधी घट ५९ टक्के होते, पण निव्वळ घट ६२.२ दिली आहे. म्हणजे तुलनेच्या गावांत मृत्युदर थोडा वाढलेला दिसतो. तसं झालं का, आणि ती गावं हस्तक्षेपाच्या गावांसारखीच होती असं आपण कशावरून म्हणतो? कारण चिठ्ठ्या टाकून वाटप केल्याचा उल्लेख इथे नाही.” शेवटचा भाग महत्त्वाचा. गावं निवडली होती, यादृच्छिक वाटप नव्हतं. अशा अभ्यासात तुलनेच्या गटाची चाल हीच ‘आपण काही केलं नसतं तर काय झालं असतं’ याची एकमेव खिडकी असते.

दुसरा आकडा सेप्सिसचा. तिथे टक्केवारीवरून माणसांकडे यायचं, ही माझी जुनी सवय. १६३ चे १६.६ टक्के म्हणजे २७ मृत्यू. ७१ चे २.८ टक्के म्हणजे २. तिने लगेच लिहिलं : “७१ मध्ये फक्त दोनच मृत्यू, सँपल लहान नाही का?”

हा निर्णयाचा दुसरा टप्पा होता, कारण हा प्रश्न दिसायला धारदार आहे. मी तिला एकच करायला लावलं : दोनाचे तीन मृत्यू धर आणि पुन्हा भाग. तीन भागिले ७१, ४.२ टक्के. १६.६ च्या पुढे ते अजूनही फार कमी. चार धरले तरी साडेपाचच्या आसपास. म्हणजे योगायोगाने एखादा मृत्यू इकडचा तिकडे झाला असता तरी गोष्ट बदलत नव्हती. पेपरनेही पी ०.०१ पेक्षा कमी दिलेला आहे. तेव्हा लहान सँपलचा बाण फुकट गेला असता. खरा प्रश्न तुलना कोणाशी, हा होता. ‘उपचारांआधीची’ १६३ बाळं आणि ‘उपचारांनंतरची’ ७१ बाळं वेगवेगळ्या काळातली आहेत. गावात रक्ताचं कल्चर होत नाही, निदान लक्षणांवरून होतं. नंतरच्या काळात कार्यकर्तीचा हात बसला, ती लवकर आणि सौम्य आजारही ओळखू लागली, तर भागाकारातला छेद बदलतो आणि मृत्यूचं प्रमाण औषधाविनाही खाली येतं. शिवाय त्याच काळात ऊब, स्तनपान, वजनाची काळजी हेही सुरू होतं. प्रश्न असा झाला : “२७ मृत्यू १६३ मध्ये आणि २ मृत्यू ७१ मध्ये. दोन्ही काळांत सेप्सिस ठरवायची लक्षणं तीच होती का? आणि दोन्ही काळांतली बाळं सारखीच आजारी होती, हे कळायला काही आधार दिला आहे का?”

तिसरा आकडा तिनेच पकडला. १८ बाळांमागे एक टळलेला मृत्यू. एक भागिले अठरा, म्हणजे हजारी साधारण ५५. ती म्हणाली, “पण नवजात मृत्युदरच मुळात ६२ होता. त्यातले ५५ वाचले म्हणजे जवळजवळ सगळेच?” उत्तर त्याच वाक्यात होतं; टळलेल्या मृत्यूंत पोटातले मृत्यूही धरले आहेत. नवजात मृत्यूंतली घट ६२ च्या ६२.२ टक्के, म्हणजे ढोबळ मानाने हजारी ३८ च्या आसपास धरली, तर उरलेले पंधरा-सतरा पोटातले असणार. आता यातून एक फार छान प्रश्न निघतो. जंतुदोषावरचं इंजेक्शन मृतजन्म टाळू शकत नाही. मग ते पंधरा-सतरा कशाने वाचले? दायांच्या प्रशिक्षणाने? श्वास न घेणाऱ्या बाळाला वेळीच हाताळल्याने? की पूर्वी ‘मेलेलं जन्मलं’ म्हणून नोंदलं गेलेलं बाळ आता जिवंत जन्म म्हणून नोंदलं जाऊ लागलं? तिसरी शक्यता खरी असती तर नवजात मृत्युदर उलट वर जायला हवा होता, हेही जोडून विचारता येतं.

शेवटचा अर्धा मिनिट आम्ही वगळण्यासाठी ठेवला होता. तिच्या पानाच्या कोपऱ्यात आधीपासून एक प्रश्न होता : “मृत्यू कोणी मोजले? सेवा देणाऱ्यांनीच का?” चांगला प्रश्न, पण ॲबस्ट्रॅक्टमध्येच लिहिलं आहे की नोंदी वेगळ्या कार्यकर्त्यांनी, दोन्ही भागांत ठेवल्या. तिने तो खोडला. हा प्रश्न तिने विचारला असता तर सादर करणाऱ्याने तेच वाक्य वाचून दाखवलं असतं, आणि पुढच्या दोन प्रश्नांचं वजन खोलीतल्या लोकांनी आपोआप कमी केलं असतं. प्रश्न तयार करताना शेवटची नजर नेहमी याच कामासाठी फिरवावी : याचं उत्तर पानावर आधीच आहे का?

खोलीत काय झालं

क्रम असा ठरवला होता की सेप्सिसचा आधी, तुलनेच्या गावांचा नंतर आणि १८ चा जमला तर. सादरीकरण सुरू असताना तिला एक बदल करावा लागला. सादर करणाऱ्याने वर्षवार मृत्युदरांचा तक्ता दाखवला, आणि त्यात तुलनेच्या गावांची ओळ होती. दर खरोखरच खाली आला नव्हता. तुलनेच्या गावांच्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथेच सुटला. तिने तो अर्धा कापला आणि उरलेला अर्धा, म्हणजे ‘ती गावं सारखीच होती हे कशावरून’, आधी घेतला. तक्ता पडद्यावर असताना तोच विचारणं सोयीचं होतं.

सादर करणारा म्हणाला की वाटप यादृच्छिक नव्हतं, पण मूळ दर आणि लोकसंख्येची वैशिष्ट्यं दोन्हीकडे मिळतीजुळती होती. यावर विभागप्रमुख सरांनी तिला उलट विचारलं, “मिळतीजुळती आहेत, मग तुला अजून काय हवंय?” ती दोन क्षण थांबली आणि म्हणाली, “सर, सुरुवात सारखी असली तरी पुढच्या तीन वर्षांत एकीकडे संस्थेचा वावर जास्त असेल, तर बाकीच्या सेवाही तिकडे वाढलेल्या असू शकतात ना?” इथून चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली. कोणी सरकारी दवाखान्यांच्या अंतराबद्दल बोललं, कोणी म्हणालं की इतकी मोठी घट केवळ वावराने होणार नाही. दोन्ही मुद्दे बरोबर होते.

सेप्सिसच्या प्रश्नावर सादर करणाऱ्याला काळाचा हिशेब नीट सांगता आला. पहिल्या वर्षी, १९९५-९६ मध्ये, गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या बाळांचं निरीक्षण करून नोंदी ठेवत होत्या. सेप्सिसवरचे गावपातळीचे उपचार त्यानंतर सुरू झाले. ती औषधं जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्झॅझोल ही होती, हेही त्याने सांगितलं. दोन्ही काळांतल्या आजाराच्या तीव्रतेबद्दल मात्र तो अडखळला आणि ‘पेपरात बघून सांगतो’ म्हणाला. मी ते उत्तर लिहून घेतलं. चांगल्या प्रश्नाला असं उत्तर मिळालं तर त्यात सादर करणाऱ्याचं काही जात नाही.

मागच्या बाकावरून कोणी तरी मध्येच “सँपल फारच लहान आहे” असं म्हणालंच. तिने शांतपणे तीन भागिले ७१ करून दाखवलं. सरांनी मान हलवली आणि पुढे चला म्हणाले.

खर्चाचा प्रश्न दुसऱ्याच रेसिडेंटने विचारला : “ही सेवा किफायतशीर आहे का?” त्यावर आठ-दहा मिनिटं गेली आणि काहीच हाती लागलं नाही. डॉलरचा तेव्हाचा भाव, महागाई, आशांचं मानधन, सगळं येऊन गेलं. ५.३ डॉलरमध्ये पंधरवड्याची देखरेख आणि प्रशिक्षणाचा खर्च धरला आहे की नाही, एवढंच विचारलं असतं तर उत्तर दोन वाक्यांत मिळालं असतं आणि पुढचं सगळं त्यावरून ठरवता आलं असतं. वेळ त्यातच संपला. १८ चा प्रश्न राहून गेला.

वेगळं काय करता आलं असतं

क्रमाबद्दल मला आजही दुमत आहे. आम्ही सेप्सिसचा प्रश्न वर ठेवला तो तो सर्वांत धारदार होता म्हणून. पण मृतजन्मांचा प्रश्न तिघांत सर्वांत जास्त नवं काही उघडणारा होता. त्याला उत्तरही पेपरमध्येच सापडण्यासारखं होतं, आणि तो कोणी दुसऱ्याने विचारण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. वेळ कमी असेल तर इतर कोणाच्या डोक्यात येणार नाही तो प्रश्न आधी लावावा. सँपल आणि वाटपाचं कोणी ना कोणी विचारतंच.

प्रश्नांची लांबीही थोडी जास्त होती. लिहिताना ‘६२ वरून २५.५ ही साधी घट ५९ टक्के’ वगैरे नीट वाटतं, पण तोंडाने बोलताना चार आकडे एका दमात ऐकणाऱ्याला पेलत नाहीत. तिने पहिला प्रश्न विचारला तेव्हा सादर करणारा ‘पुन्हा सांगशील?’ म्हणाला होता. दोन आकडे बोलायचे आणि बाकीचे पानावर ठेवायचे, मागितले तर द्यायचे. सेप्सिसचा प्रश्न या बाबतीत बरा होता, कारण २७ आणि २ हे ऐकताच कळतात; टक्के कळत नाहीत.

पाच मिनिटांच्या या रीतीला एक मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हवी. ॲबस्ट्रॅक्टमधून ताडलेली गोष्ट ही ताडलेलीच असते. तुलनेच्या गावांत दर वाढला असावा हे गणिताने दिसत होतं, तरी तिने ते ‘दिसतो’ असंच लिहिलं, आणि तक्ता आल्यावरच पक्कं धरलं. हा संयम नसता तर, समजा ॲबस्ट्रॅक्टमध्ये एखादा आकडा छपाईत चुकलेला असता, तर अख्खा प्रश्न त्या चुकीवर उभा राहिला असता. म्हणून ताडलेल्या गोष्टीवर प्रश्न ‘असं झालं का?’ या तोंडाने सुरू करायचा, ‘असं झालं, मग का?’ असा नाही.

राखीव ठेवलेला आशांचा विषय चहाच्या वेळी आपोआप निघाला. आशाताई सेप्सिसचा संशय आला तर बाळाला पुढे पाठवते, स्वतः इंजेक्शन देत नाही. मग गडचिरोलीतल्या घटीतला इंजेक्शनाचा वाटा किती आणि भेटी, ऊब व स्तनपानाचा वाटा किती, हे कळल्याशिवाय आजच्या कार्यक्रमाकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरत नाही. सादर करणाऱ्याने तिथेच त्यावर तिच्याशी वाद घातला आणि दोघांनी पूर्ण पेपर लॅपटॉपवर उघडला. पुढच्या महिन्याच्या यादीत आता त्याच मूळ गडचिरोली अभ्यासाची पुढची फळं असलेला, ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’मध्ये २००५ साली आलेला लेखसंच लागला आहे. चर्चक म्हणून तिनेच नाव दिलं, आणि यावेळी ॲबस्ट्रॅक्टची पानं एक दिवस आधी द्या, अशी चिठ्ठी सूचनाफलकावर लावली आहे.